पुरानंतरच्या दावा शिबिरात शाखाप्रमुखाने चार मिनिटांत काय बोलावं?

प्रश्न: मी सांगलीत एका सर्वसाधारण विमा कंपनीचा शाखाप्रमुख आहे. पूर ओसरून तीन आठवडे झाले. येत्या शनिवारी एका मंगल कार्यालयात आम्ही दावा निकाली शिबिर घेतोय. व्यापारी, घरमालक, गाडीवाले असे दोनशे-अडीचशे लोक येतील. स्वागताचं छोटं भाषण मला करायचं आहे. काय बोलू, काय टाळू? एखादा नमुना दिलात तर बरं होईल, सर.

उत्तर:

भाषण लिहायला बसण्याआधी शुक्रवारी संध्याकाळी एक यादी करा. त्या यादीशिवाय तुम्ही जे बोलाल ते नुसतं गोड बोलणं होईल, आणि पूरग्रस्तांना ते लगेच कळतं.

यादीत आलेल्या सगळ्या दाव्यांचे तीन गठ्ठे पाडा. पहिल्या गठ्ठ्यात सर्व्हे झालेले, अहवाल आलेले आणि रक्कम ठरलेले दावे. शनिवारी या लोकांची फक्त बँकेची माहिती आणि सही लागेल. दुसऱ्यात सर्व्हे झालेले, पण एखादा कागद किंवा खुलासा अडलेले. तिसऱ्यात ज्यांच्याकडे सर्व्हेअर अजून गेलेलाच नाही किंवा गेला तरी अहवाल आलेला नाही असे. या तीन गठ्ठ्यांतल्या माणसांच्या मनात तीन वेगळे प्रश्न असतात आणि तुमच्या चार मिनिटांत तिघांनाही आपापलं उत्तर मिळायला हवं. शिबिराला ‘दावा निकाली’ असं नाव असल्यामुळे तिसऱ्या गठ्ठ्यातला माणूसही आज पैसे मिळतील असं धरून येतो. तो गैरसमज दुपारी दोन वाजता काउंटरवर फुटण्यापेक्षा सकाळी दहा वाजता व्यासपीठावरून तुम्हीच दूर केलेला बरा.

दुसरी गोष्ट तुमच्या अधिकाराची. शाखेला मंजुरीची आर्थिक मर्यादा असते हे तुम्हाला माहीत आहे, लोकांना नाही. ‘मी आज मंजूर करतो’ असं म्हणालात आणि मग ‘ही फाइल विभागीय कार्यालयात जाईल’ असं सांगावं लागलं, तर सगळ्या शिबिरावरचा विश्वास त्या एका वाक्यात जातो. म्हणून विभागीय कार्यालयातला, ज्याच्या सहीने मोठी रक्कम मंजूर होते असा अधिकारी त्या दिवशी सभागृहात बसवून घ्या. तो येणार असेल तर भाषणात सांगा. येणार नसेल तर अधिकाराचा विषय व्यासपीठावर काढूच नका.

आता नमुना. सावकाश बोललात तर चार मिनिटं होतील. आकडे घालायचेच असतील तर तुमच्या यादीतले घाला. यादीत नसलेला आकडा भाषणात नको.

---

“नमस्कार. बसून घ्या. मागे खुर्च्या आहेत, ज्येष्ठ मंडळींना पुढे येऊ द्या.

या पुरात आपल्यातल्या काही घरांतली माणसं गेली. आधी त्यांना आदरांजली वाहू. आपण एक मिनिट शांत उभे राहू या.

(एक मिनिट.)

बसा. तुमच्यातले बरेच जण चिखल उपसायचं काम अर्धवट टाकून आलेत. म्हणून मी थोडक्यात सांगतो.

आज तीन प्रकारची कामं होतील. ज्यांचा सर्व्हे होऊन रक्कम ठरली आहे, त्यांना पहिल्या टेबलावर हिशेब समजावून सांगू, बँकेची माहिती घेऊ आणि पैसे खात्यावर पाठवायची कारवाई आजच सुरू करू. अशी नावं बाहेरच्या फलकावर लावली आहेत. ज्यांचे कागद कमी आहेत त्यांनी दुसऱ्या टेबलावर यावं. ज्यांच्याकडे सर्व्हेअर पोहोचलेले नाहीत त्यांना आज रक्कम मिळणार नाही, हे मी आत्ताच स्पष्ट सांगतो. त्यांनी तिसऱ्या टेबलावर यावं. तिथे तुम्हाला सर्व्हेअरचं नाव, मोबाइल नंबर आणि ते कुठल्या दिवशी येणार ती तारीख लेखी मिळेल.

पॉलिसीचा कागद भिजला, वाहून गेला, तरी चालेल. नाव, गाडीचा नंबर किंवा मोबाइल नंबर सांगा, आम्ही आमच्या संगणकात शोधून काढू. दुकानाच्या वह्या भिजल्या असतील तर तुमच्या सीएकडचा हिशेब, जीएसटीचे रिटर्न, बँकेत दिलेलं स्टॉक स्टेटमेंट, व्यापाऱ्यांकडून आलेली बिलं, यातलं जे असेल ते दाखवा. एखादा कागद नाही म्हणून कुणाला परत पाठवणार नाही.

तलाठ्यांनी केलेला पंचनामा आणि सरकारी मदत हा वेगळा विषय आहे. ती मिळाली म्हणून विम्याचा दावा बंद होत नाही आणि ती मिळाली नाही म्हणूनही तो अडत नाही.

नुकसान आणि मिळणारी रक्कम यांत फरक पडू शकतो. तो का पडला, हे प्रत्येकाला समोर बसवून, कागदावर आकडे मांडून सांगितलं जाईल. समजेपर्यंत सही करू नका. हिशेब पटला नाही तर चौथ्या टेबलावर तक्रार लिहून द्या, तिची पोच घ्या. तिथे आमचे विभागीय कार्यालयाचे अधिकारी दिवसभर बसलेले आहेत. आमच्या उत्तरानेही समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. पत्ता त्याच टेबलावर छापून ठेवला आहे.

घरातलं माणूस पुरात दगावलं असेल तर त्यांच्या बँक पासबुकात मे किंवा जून महिन्यात वीस रुपये कापले गेलेत का, तेवढं बघा. कापले असतील तर बँकेतून दोन लाखांचा अपघात विमा असू शकतो. तो आमच्या कंपनीचा नसला तरी पाचव्या टेबलावर मदत मिळेल.

शेवटचं. या शिबिरात कुठल्याही कामाला पैसे नाहीत. क्लेम काढून देतो म्हणून कुणी टक्का मागितला तर मला येऊन सांगा. आमचा कुठलाही माणूस तुमचा ओटीपी मागणार नाही.

टोकन घ्या. चहा-पाणी डाव्या हाताला आहे. मी संध्याकाळपर्यंत चौथ्या टेबलापाशी आहे.”

---

एवढंच. आता यातली काही वाक्यं अशी का आहेत ते सांगतो, कारण तुम्ही ती तुमच्या पद्धतीने बदलणार आणि बदलताना काय जपायचं हे माहीत हवं.

सगळ्यात आधी भाषणात काय नाही ते बघा. कंपनीचा इतिहास नाही, किती कोटींचे दावे दिले त्याची आकडेवारी नाही, ‘आम्ही सदैव तुमच्या पाठीशी’ नाही. पाहुण्यांच्या नावांची लांब यादीही नाही. आमदार किंवा महापौर येणार असतील तर त्यांचं स्वागत सूत्रसंचालकाला करू द्या आणि ते आल्यावर करा. त्यांची वाट बघत टोकन वाटप थांबवू नका. मोठ्या चेकच्या पुठ्ठ्याबरोबर फोटो काढायचा आग्रह वरून आला तर तो पहिल्या गठ्ठ्यातल्या, रक्कम मान्य असलेल्या दोन-तीन जणांबरोबर आणि त्यांना विचारूनच काढा. व्यापारी गावात वावरतो, त्याला किती मिळाले हे घेणेकऱ्यांना कळावं अशी त्याची इच्छा नसते. पुठ्ठ्यावरचा आकडा दुसऱ्या दिवशी पेठेत फिरतो.

भाषणातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य ‘नुकसान आणि मिळणारी रक्कम यांत फरक पडू शकतो’ हे आहे. नवे शाखाप्रमुख नेमकं हेच गाळतात. वातावरण बिघडेल अशी त्यांना भीती वाटते. त्याऐवजी ते म्हणतात, ‘तुमच्या नुकसानीची पूर्ण भरपाई मिळेल.’ त्याचा परिणाम एका उदाहरणाने दाखवतो. आकडे मी सोपे घेतलेत, पण असा हिशेब तुमच्या यादीत हमखास असेल.

मारुती रोडला किंवा हरभट रोडला एक कापडाचं दुकान धरा. मालाची विमा रक्कम १२ लाख. ती चार वर्षांपूर्वी ठरली आणि दरवर्षी तशीच नूतनीकरण होत गेली. पुराच्या आदल्या दिवशी दुकानात आणि माडीवर मिळून प्रत्यक्ष माल २० लाखांचा होता, कारण सणाची खरेदी झालेली. पाण्यात १० लाखांचा माल गेला, माडीवरचा वाचला. भिजलेल्या कापडापैकी काही धुऊन, स्वस्तात विकून १ लाख येतील, म्हणजे सॅल्व्हेज १ लाख. निव्वळ नुकसान ९ लाख.

इथे दुकानदाराच्या डोक्यातला हिशेब असा असतो: विमा १२ लाखांचा, नुकसान ९ लाखांचं, म्हणजे ९ लाख मिळणार. पण २० लाखांच्या मालाचा विमा १२ लाखांचाच उतरवला असल्यामुळे ‘ॲव्हरेज’ लागतो. ९ लाखांना १२ ने गुणून २० ने भागायचं. येतात ५ लाख ४० हजार. त्याच्या पॉलिसीत समजा ५ टक्के एक्सेस, म्हणजे ग्राहकाने स्वतः सोसायचा भाग, आहे. ते २७ हजार वजा. हातात ५ लाख १३ हजार. लहान उद्योगांसाठी २०२१ पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंत कमी विमा माफ असतो, पण इथे कमतरता ४० टक्के आहे, म्हणून ती माफी इथे उपयोगाची नाही.

आता हा माणूस सकाळी व्यासपीठावरून ‘पूर्ण भरपाई’ ऐकून दुपारी टेबलावर बसला तर त्याला ५ लाख १३ हजार हा आकडा फसवणूक वाटणार. त्याने ‘फरक पडू शकतो, कागदावर मांडून सांगू’ असं ऐकलं असेल तर तो निदान कागद बघायला तयार असतो. रक्कम दोन्ही वेळा तीच, पण टेबलावरचं भांडण वेगळं होतं.

मग ॲव्हरेज व्यासपीठावरूनच समजावून सांगावा का? नाही. अडीचशे लोकांपैकी तो फार तर पन्नास जणांना लागू असेल. बाकीच्यांना वाटेल आपलेही पैसे कापणार. घराच्या विम्याची गोष्ट तर उलटी आहे: भारत गृह रक्षा पॉलिसीत कमी विम्याबद्दल कपात होत नाही. गाडीला ॲव्हरेज नसतो, पण सुट्या भागांवर घसारा लागतो. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीला ५० टक्के, फायबरला ३० टक्के. काचेला काही नाही. झिरो डेप्रिसिएशन घेतलेल्याला तोही नाही. एवढं सगळं माइकवरून सांगितलं तर कुणालाच आपलं काय ते कळणार नाही. म्हणून भाषणात फक्त ‘फरक पडू शकतो’ आणि पहिल्या टेबलावर मराठीत छापलेली एका पानाची हिशेबपत्रिका: नुकसान, सॅल्व्हेज, ॲव्हरेज किंवा घसारा, एक्सेस, हाती येणारी रक्कम. ही पत्रिका छापून घेणं भाषणाइतकंच गरजेचं आहे. ती नसेल तर ‘कागदावर आकडे मांडून’ हे शब्द काढून टाका.

पहिल्या टेबलावर आणखी एक वाद ठरलेला असतो. बँकेचं कॅश क्रेडिट घेतलेल्या दुकानाची पॉलिसी बहुतेक वेळा बँकेच्या नावाच्या कलमासह असते आणि पैसे बँकेत, त्या कर्जखात्यात जातात. दुकानदार म्हणतो, मला रोख हवेत, नवा माल भरायचाय. हे तुम्ही सोडवू शकत नाही, बँक सोडवू शकते. म्हणून जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला आणि ज्या दोन-तीन बँकांची खाती जास्त आहेत त्यांना शिबिरात एक टेबल द्या आणि हे आधीच फोनवर ठरवा. बँकवाले येणार असतील तर भाषणात एक ओळ घाला. तेच लोक वीस रुपयांच्या अपघात विम्याचं टेबलही सांभाळतील.

वीस रुपयांचा विमा म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता बचत खात्यातून आपोआप जातो आणि घरच्यांना बहुतेक वेळा माहीतही नसतो. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत आलेला मृत्यू अपघात म्हणून तीत धरला जातो. वयाची अट १८ ते ७०. दावा बँकेत करायचा असतो आणि साधारणपणे अपघातापासून ३० दिवसांत करायचा असतो. पूर ओसरून तीन आठवडे उलटलेत, म्हणून हे वाक्य या शनिवारीच बोलायला हवं. पुढच्या शिबिरात सांगून उपयोग नाही. तुमच्या कंपनीचा व्यवसाय नाही म्हणून वरिष्ठ नाक मुरडतील. मुरडू द्या.

सर्व्हेच्या उशिराबद्दल फार जपून बोला. २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा कळल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, नेमल्यापासून १५ दिवसांत त्याचा अहवाल घ्यायचा आणि अहवाल आल्यापासून सात दिवसांत निर्णय द्यायचा, असं विमा नियामक प्राधिकरणाने घालून दिलं आहे. नियम चांगला आहे, पण तुम्ही तो माइकवरून वाचून दाखवलात तर सभागृहात कुणीतरी बोटं मोजायला लागेल. तीन आठवडे म्हणजे २१ दिवस. तिसऱ्या गठ्ठ्यातले काही दावे ही मुदत ओलांडून गेलेले असणार. म्हणून भाषणात नियम सांगितलेला नाही, त्याऐवजी सर्व्हेअरचं नाव आणि तारीख लेखी द्यायचं कबूल केलं आहे. शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हेअरांना फोन करून तारखा घ्या. पुराच्या वेळी एकेका सर्व्हेअरकडे शेकडो कामं असतात. त्याने ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं तर वार विचारा. ज्या दाव्यांना वार मिळणार नाही ते दुसऱ्या सर्व्हेअरकडे द्या, जिल्ह्याबाहेरचा आणावा लागला तरी. लहान नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअरची सक्तीही नसते: वाहनाच्या ५० हजारांखालच्या आणि इतर १ लाखाखालच्या दाव्यांत कंपनी आपल्या अधिकाऱ्याकडून किंवा फोटो-व्हिडिओवरून नुकसान ठरवू शकते. तिसऱ्या गठ्ठ्यातले असे किती हे आधी वेगळे काढलेत तर शनिवारपर्यंत तो गठ्ठा बराच हलका होईल आणि ‘आज रक्कम मिळणार नाही’ हे वाक्य थोड्या लोकांना ऐकावं लागेल.

मोठ्या दुकानांच्या बाबतीत सर्व्हे चालू असताना काही रक्कम आगाऊ देता येते, आपल्याकडे त्याला ‘ऑन अकाउंट’ म्हणतात. विभागीय अधिकाऱ्याने त्याला तयारी दाखवली असेल तर भाषणात जरूर सांगा, पण ‘ज्यांच्या बाबतीत सर्व्हेअरने शिफारस केली आहे त्यांना’ हे शब्द जोडूनच. ते शब्द गाळले तर साठ जण चौथ्या टेबलावर आगाऊ रक्कम मागायला येतील.

‘समजेपर्यंत सही करू नका’ हे वाक्य वाचून तुमच्या दावा विभागातला एखादा जुना माणूस दचकेल. डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे रक्कम मान्य असल्याच्या कागदावर, सही झाली की विषय संपला, अशी आपल्याकडची जुनी समजूत. पण तशा सहीचा उपयोग पॉलिसीधारकाचा पुढे दाद मागायचा हक्क रोखण्यासाठी करू नये, असं प्राधिकरणाने २०१५ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. म्हणजे घाईने घेतलेली सही तुमच्याही कामाची नाही. उलट चिखलातून आलेल्या माणसाकडून गर्दीत सही घेतली असा आरोप लोकपालांसमोर झाला तर तुम्हालाच उत्तर देणं जड जाईल. ज्याला घरी नेऊन मुलाला दाखवायचं आहे त्याला हिशेबपत्रिका नेऊ द्या, सोमवारी शाखेत बोलवा.

लोकपालांचं नाव व्यासपीठावरून घ्यायचं की नाही यावर मतभेद आहेत. ‘आपणच तक्रारीचा रस्ता का दाखवायचा’ असं काही वरिष्ठ म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: घ्या. तो रस्ता पॉलिसीच्या कागदावर छापलेलाच असतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लोकपाल, ५० लाखांपर्यंतच्या वादाला. जो माणूस हे तुमच्या तोंडून ऐकतो तो आधी चौथ्या टेबलावर येतो. जो बाहेरच्या टपरीवर ऐकतो तो थेट पत्रकाराला घेऊन येतो.

कागदपत्रांच्या वाक्याबद्दल एक सावधानता. ‘कागद नाही म्हणून परत पाठवणार नाही’ हे आता नियमाला धरूनच आहे. कागद नाहीत एवढ्या कारणाने दावा फेटाळता येत नाही. पण याचा अर्थ पुराव्याशिवाय रक्कम असा लोक घेतात. म्हणून त्याच दमात पर्यायी पुराव्याची नावं घेतली आहेत. त्यातलं बँकेचं स्टॉक स्टेटमेंट हे दुधारी हत्यार आहे, हे तुमच्या टेबलावरच्या माणसाला सांगून ठेवा. जास्त उचल मिळावी म्हणून काही दुकानदार बँकेला माल फुगवून दाखवतात. मग सर्व्हेअरपुढे वहीत १५ लाख आणि बँकेत २२ लाख असा माल येतो. मोठा आकडा धरला तर ॲव्हरेज आणखी लागतो, छोटा धरला तर बँक विचारते. हा संवाद टेबलावर, हळू आवाजात व्हायचा आहे.

तलाठ्यांच्या पंचनाम्याचं वाक्यही गाळू नका. २०१९ च्या पुरानंतर आपल्या भागात ही गल्लत सगळीकडे होती. काहींना वाटे, सरकारी मदत घेतली तर विमा जाईल, म्हणून ते मदतीच्या रांगेतच गेले नाहीत. काहींना वाटे, पंचनाम्यात लिहिलेली रक्कम विमा कंपनीने द्यायलाच हवी. पंचनाम्याची प्रत पुराव्याला उपयोगी पडते, पाणी किती आलं आणि कधी आलं हे त्यातून कळतं, पण रक्कम ठरते ती पॉलिसी आणि सर्व्हे यावर. पीक विम्याचे लोकही येतील. त्यांना दारातच वेगळी चिठ्ठी देऊन कृषी विभागाच्या माणसाकडे पाठवा. नाहीतर दोन तास रांगेत उभं राहून ‘हे इथलं काम नाही’ असं ऐकलेला शेतकरी तुमच्यावर भडकला तर तो चुकत नाही.

सुरातलं एक सांगतो. पुराची उंची, आयर्विन पुलाची पातळी किती फुटांवर गेली, कुठल्या पेठेत किती पाणी, असं वर्णन करायचा मोह होतो. समोर बसलेल्या प्रत्येकाने ते पाणी स्वतः मोजलेलं आहे. पुलावर ४५ फूट म्हणजे धोका हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. २००५ आणि २०१९ शी तुलनाही नको. ज्याच्या घरात तेव्हा पाणी आलं नव्हतं आणि आता आलं, त्याला ती तुलना टोचते. ‘तुमचं दुःख मी समजू शकतो’ हेही टाळा, तुमचं घर बुडालं नसेल तर. चिखल उपसायचं काम टाकून आलात, हे एक वाक्य पुरे.

माइकचा बंदोबस्त वेगळा करा. पुरानंतर वीज जाते-येते. बॅटरीवरचा छोटा स्पीकर आणि तोच मजकूर मोठ्या अक्षरात फलकावर, दारापाशी आणि रांगेच्या मध्यावर. उशिरा येणाऱ्यांना भाषण मिळत नाही, फलक मिळतो. साडेअकराला आणि दोनला टेबलांची माहिती पुन्हा एकदा माइकवरून सांगायला एका सहकाऱ्याला नेमा.

आणि कुणीतरी मध्येच उभं राहणार हे धरून चाला. बहुतेक वेळा ते तिसऱ्या गठ्ठ्यातले असतात: ‘तीन आठवडे झाले, तुमचा माणूस फिरकला नाही, भाषणं कसली करता?’ तेव्हा माइकवरून खुलासा देऊ नका आणि ‘शांत व्हा’ तर अजिबात म्हणू नका. नाव विचारा. म्हणा, “तुमचं बरोबर आहे, उशीर झालाय. तुम्ही तिसऱ्या टेबलावर पहिला नंबर घ्या, मी भाषण संपवून थेट तिथे येतो.” मग उरलेलं भाषण निम्म्यावर आणा: टेबलं, सही, तक्रार, पैसे लागत नाहीत, एवढं सांगून खाली उतरा आणि आधी त्या माणसाकडे जा. त्याची फाइल उघडा, सर्व्हेअरला सगळ्यांसमोर फोन लावा आणि वार ठरवून त्याच्या टोकनवर लिहून द्या. रांगेतले बाकीचे लोक भाषणापेक्षा हे जास्त लक्ष देऊन बघत असतात. म्हणून सर्व्हेअरला शनिवारी सकाळी फोन उचलायला आधीच सांगून ठेवा.